चकली, खिडकी आणि आधी-नंतरच्या पाच जोड्या

प्रश्न: मी पुण्यात घरून दिवाळीचा फराळ विकते. फोनवरच फोटो काढते. खिडकीचा उजेड वापरायला लागल्यापासून फोटो खूप सुधारले. आता माझ्यासारख्या बायकांसाठी इन्स्टाग्रामवर एक कॅरूसेल करायचंय: खिडकीचा उजेड आणि साधी चौकट, आधी-नंतरच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला समजावून सांगणारी ओळ. कोणत्या जोड्या घेऊ, त्या कशा काढू आणि ओळींत काय लिहू?

उत्तर:

सगळ्यात आधी एक नियम ठरवून घ्या: एका जोडीत एकच गोष्ट बदलायची. आधी-नंतरच्या बहुतेक पोस्टमध्ये ‘आधी’चा फोटो संध्याकाळी ट्यूबखाली, ओट्यावर, घाईत काढलेला असतो. ‘नंतर’चा सकाळी, नव्या ताटात, शेजारी झेंडू ठेवून आणि वर फिल्टर लावून. फरक प्रचंड दिसतो, पण तो ताटामुळे, झेंडूमुळे की उजेडामुळे हे बघणारीला कळत नाही, त्यामुळे तिला घरी काहीच करून बघता येत नाही. म्हणून पाचही जोड्यांत पदार्थ तोच, ताट तेच, फोन तोच आणि फिल्टर कुठेच नाही. ‘आधी’चा फोटो मुद्दाम वाईट काढू नका. आपण सहज जसा काढतो, तसाच काढा.

पदार्थ म्हणून चकली घ्या. मी खाद्यपदार्थांची फोटोग्राफी करतो, आणि उजेड शिकवायला चकलीइतका चांगला पदार्थ मला फराळात दुसरा सापडलेला नाही. कारण तिचे काटे. उजेड चुकला की काटे नाहीसे होतात आणि चकली तपकिरी वेटोळं होऊन बसते. उजेड बरोबर असला की काटा न् काटा मोजता येतो. लाडवाच्या गोल अंगावर हाच फरक बराच सौम्य दिसतो. ताट मात्र स्टीलचं नको, त्यात खिडकीची ग्रिल, छत आणि तुमचा हात असं सगळं उमटतं. मातीची थाळी, लाकडी ताट किंवा चकाकी नसलेली साधी पांढरी बशी चालेल.

खिडकी निवडताना एकच बघायचं: तिच्यातून आकाश दिसावं, पण ऊन थेट ताटावर येऊ नये. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेची खिडकी दिवसभर चालते. पूर्वेची असेल तर साधारण अकरानंतर, पश्चिमेची असेल तर अकराच्या आधी काम करा. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच राहिलं, तर पांढऱ्या मलमलच्या ओढणीचा एकच पदर तिच्यावर ताणून लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग चकलीवर उतरतो. सरकत्या खिडकीची काच हिरवट किंवा निळसर असते, ती बाजूला सरकवून ठेवा. ताट खिडकीपासून हातभर अंतरावर असू द्या. खोलीच्या आत नेत गेलात तर उजेड झपाट्याने कमी होतो, फोन तो कृत्रिमपणे वाढवतो, आणि चकलीवर रवाळपणा किंवा पुसटपणा येतो.

आणि जवळ एक पेन्सिल ठेवा. ती ताटात उभी धरली की तिची सावली बघून उजेडाचं सगळं कळतं. सावली काळी आणि धारदार कडेची असेल, तर ऊन थेट येतंय. सावल्या दोन असतील, तर घरातला कुठलातरी दिवा चालू आहे. सावली दिसतच नसेल, तर ती बहुधा पेन्सिलीच्या मागे लपली आहे, म्हणजे खिडकी तुमच्या पाठीशी आहे. हवी ती एकच सावली, एका बाजूला पडलेली, कडेला हळूहळू विरणारी. पहिल्या जोडीत ही पेन्सिल मी फोटोतही दाखवीन, कारण नुसता चकलीचा फोटो बघून नवख्या डोळ्याला सावल्या मोजता येत नाहीत.

पहिली जोडी ट्यूबची. ‘आधी’च्या फोटोत खिडकी उघडी आणि ट्यूबही चालू, ‘नंतर’च्या फोटोत फक्त ट्यूब बंद. बटण दाबण्यापलीकडे काहीही हलवायचं नाही. ओळ लिहिण्याआधी तुमच्या घरातला दिवा कोणत्या रंगाचा आहे ते बघा. पिवळसर दिवा असेल तर फरक रंगाचा दिसेल. खिडकीचा उजेड त्यामानाने निळसर असतो आणि फोनला एका फोटोत एकाच रंगाचा हिशेब जमवता येतो, म्हणून चकलीची एक बाजू नारिंगी आणि दुसरी करडी होते. पांढरी एलईडी ट्यूब असेल तर रंग जवळपास सारखाच राहतो, पण वरून येणारी दुसरी सावली पहिलीत मिसळते आणि पदार्थाला घडण उरत नाही. तुमच्या जोडीत यातलं जे दिसत असेल तेच लिहा. पांढरी ट्यूब लावून ‘पिवळेपणा गेला’ असं लिहिलंत, तर नीट बघणारी वाचक पुढच्या ओळींवर विश्वास ठेवणार नाही. स्लाइडवर ‘आधी’चा फोटो वर आणि ‘नंतर’चा खाली असेल असं धरून पांढऱ्या ट्यूबसाठी मी अशी ओळ देईन: ‘वर ट्यूब चालू: सावल्या दोन. खाली ट्यूब बंद: सावली एक.’

दुसरी जोडी उजेडाच्या दिशेची. माझ्या मते सगळ्या कॅरूसेलचा जीव हीच आहे, तेव्हा हिच्यावर वेळ घाला.

आपण फोटो काढताना स्वाभाविकपणे खिडकीकडे पाठ करून उभे राहतो, कारण त्या बाजूने पदार्थ सगळ्यात उजळ दिसतो. पण तेव्हा प्रत्येक काट्याची सावली काट्याच्या मागे पडते आणि कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. खोलपणा कळतो तो सावलीमुळे, म्हणून चकली सपाट वाटते. उजेड कडेने आला की काट्याची खिडकीकडची बाजू उजळते, दुसरी बाजू गडद होते, आणि कुरकुरीतपणा डोळ्यांना जाणवतो. ताट घड्याळाची तबकडी समजा. तुम्ही सहाच्या आकड्यापाशी असाल, तर खिडकी नऊ आणि दहाच्या मध्ये कुठेतरी हवी, म्हणजे डावीकडे आणि किंचित पुढे. उजवीकडे दोन-तीनच्या मध्ये असली तरी हरकत नाही.

ही जोडी प्रामाणिकपणे काढणं जरा अवघड आहे. तुम्ही जागा बदललीत की मागची पार्श्वभूमीही बदलते. आधी मागे खोली होती, आता भिंत आली, आणि मग एकच गोष्ट बदलण्याचा नियम मोडला. त्यावर उपाय आपल्या घरातला पाट. पाटावर ताट ठेवा आणि पाटाच्याच मागच्या कडेला एक करडा किंवा फिक्या रंगाचा पुठ्ठा उभा करा. चिकटपट्टीने तो पाटाला पक्का करा. पहिला फोटो खिडकीकडे पाठ करून काढा. स्वतःची सावली ताटावर पडत असेल तर जरा बाजूला व्हा. मग पाट पाव वर्तुळाने फिरवा आणि तुम्हीही त्याच्याबरोबर फिरा. कॅमेऱ्याला ताट, पुठ्ठा आणि चकल्या जिथल्या तिथे दिसतील, बदलेल ती फक्त उजेडाची दिशा. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले की फरक इतका स्वच्छ असतो की ओळीला फार काही सांगावं लागत नाही: ‘वर खिडकी माझ्या पाठीशी: काटे सपाट. खाली खिडकी डावीकडे: काट्या-काट्याला सावली.’

सरळ वरून, छताकडे पाठ करून काढलेल्या फोटोत ही अडचण येत नाही. खिडकी कुठेही असली तरी उजेड ताटाला कडेनेच लागतो. पण मग जोडीही तयार होत नाही, म्हणून इथे फोन तिरकाच धरा, साधारण जेवायला बसल्यावर ताट जसं दिसतं तसा.

तिसरी जोडी पांढऱ्या पुठ्ठ्याची. कडेच्या उजेडात खिडकीविरुद्धची बाजू काळवंडते. तिथे ताटापासून वीतभर अंतरावर, फोटोच्या चौकटीबाहेर, पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा केला की खिडकीचाच उजेड परतून त्या बाजूवर पडतो. ताटाएवढ्या आकाराचा तुकडा पुरतो. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावू नका, तिचे तुटक चमकदार ठिपके तेलकट चकलीवर फार दिसतात.

या जोडीत फोन तुमच्या विरुद्ध काम करतो. फोन दर फोटोला उजेड नव्याने मोजतो. पुठ्ठा ठेवल्यावर त्याला उजेड वाढलेला दिसतो आणि तो सगळा फोटो थोडा गडद करतो. म्हणून पुष्कळदा पुठ्ठ्याचा परिणाम डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि फोटोत मात्र जवळजवळ नाहीसा होतो. त्यासाठी पुठ्ठा ठेवण्याआधीच पडद्यावर चकलीवर बोट ठेवून दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. मग शेजारची सूर्याच्या चिन्हाची पट्टी किंचित खाली ओढा, म्हणजे ताटाचा पांढरा भाग जळल्यासारखा दिसणार नाही. आता फोन न हलवता पहिला फोटो काढा, कुणालातरी पुठ्ठा धरायला सांगा आणि दुसरा काढा. फोन टेकवायला चार-पाच डब्यांची उतरंड पुरते. ओळ: ‘वर उजवी बाजू काळी. खाली उजवीकडे पांढरा पुठ्ठा, ताटापासून वीतभर.’ यात ‘वीतभर’ हा शब्द गाळू नका, नाहीतर वाचक पुठ्ठा हातभर लांब ठेवते आणि काहीच होत नाही म्हणून सोडून देते.

पुठ्ठा नेहमी जवळच हवा असंही नाही. चकलीला थोडी काळी बाजू शोभते, म्हणून मी स्वतः तो जरा लांब ठेवतो. करंजी, चिरोटे, पांढऱ्या पाकातले लाडू यांच्या सावल्या मळकट करड्या दिसतात, तिथे तो अगदी जवळ आणतो. पोस्टखालच्या मजकुरात हे एक वाक्य जरूर टाका. फराळ विकणाऱ्या बाईकडे फक्त चकली नसते.

आता चौकटीच्या दोन जोड्या. चौथी अंतराची. पदार्थ मोठा दिसावा म्हणून आपण फोन ताटाजवळ नेतो. मग पुढची चकली फुगते, मागची बारकी होते आणि ताट अंड्यासारखं लांबट दिसतं. शिवाय अगदी जवळ गेल्यावर काही फोन आपोआप रुंद लेन्सवर जातात, आणि चित्र एकदम बदललेलं बघून आपण गोंधळतो. उपाय असा: आधीच्या दुप्पट अंतरावर मागे या आणि 2x दाबा. चकली चौकटीत तेवढीच मोठी राहते, पण तिचा आकार खरा दिसतो आणि मागे कमी पसारा मावतो. ज्यांच्या फोनमध्ये 2x नाही त्यांनी मागे येऊन 1x वरच काढावा आणि नंतर कापावा. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो. त्याची लांबी-रुंदी निम्मी केली तरी 2000 बाय 1500 उरतात, आणि उभ्या पोस्टला लागतात 1350 बाय 1080. म्हणजे कापूनही फोटो पुरून उरतो. या जोडीत उजेडाला हात लावू नका. ओळ ‘आधी’च्या फोटोवर ‘ताटाला चिकटून, 1x’ आणि ‘नंतर’च्या फोटोवर ‘दुप्पट मागे, 2x. ताट पुन्हा गोल.’

पाचवी जोडी कडांची. आपण फोटो काढताना चकलीकडे बघतो, कडांकडे बघत नाही, आणि घोळ कडांवरच असतो. एका कोपऱ्यात तेलाची बाटली, दुसरीकडे चार्जरची वायर, आणि ताटाची कड चौकटीला जेमतेम टेकलेली. हे टेकणं सगळ्यात जास्त खटकतं, कारण ताट चौकटीत कोंबल्यासारखं दिसतं. एकतर कडेला दोन बोटं मोकळी जागा सोडावी, नाहीतर ताट ठामपणे कापावं, एका बाजूने चांगलं पाव भाग. या जोडीसाठी पाटावरचा पुठ्ठा काढून टाका, म्हणजे मागचा पसारा खराखुरा दिसेल. ‘नंतर’च्या फोटोसाठी ओटा आवरू नका, बाटली तिथेच राहू द्या. फक्त फोन खाली-वर, डावीकडे-उजवीकडे सरकवून बाटली चौकटीबाहेर जाईपर्यंत फिरवा. मग बघणारीला कळतं की घर आवरायची नव्हे, फोन हलवायची गरज होती. तिच्यासाठी ही मोठी सुटका असते, ऑर्डरच्या दिवसात ओटा आवरायला वेळ कुणाकडे असतो? ओळ: ‘ओटा तोच, बाटली तिथेच. फक्त फोन सरकवला.’ चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून पदार्थ मांडायच्या ‘रूल ऑफ थर्ड्स’चं नाव इथे घेऊ नका. चार कडा बघायची सवय लागणं आधीचं काम आहे.

मांडणी दोन तऱ्हेची करा. उजेडाच्या तिन्ही जोड्या एकाच स्लाइडवर वर-खाली लावा, कारण उजेडातला फरक दोन्ही फोटो एकाच वेळी डोळ्यांसमोर असले तरच पकडता येतो, स्वाइप करेपर्यंत पहिला विसरायला होतो. 1080 बाय 1350 च्या उभ्या स्लाइडवर 600 उंचीचे दोन फोटो आणि 150 ची मजकुराची पट्टी बरोबर बसते. त्यासाठी हे फोटो फोन आडवा धरून काढायचे आणि वर-खाली कापायला जागा सोडायची. चौकटीच्या दोन जोड्यांना मात्र प्रत्येकी दोन स्लाइड द्या. चौकट शिकवायची तर फोटो पूर्ण आकारात हवा, आणि स्वाइप केल्यावर ताट जागच्या जागी बदललेलं दिसलं की परिणाम अधिक होतो. या स्लाइडवरही पट्टी तेवढ्याच उंचीची, त्याच जागी ठेवा. म्हणजे एक मुखपृष्ठ, तीन स्लाइड उजेडाच्या, चार चौकटीच्या, आणि शेवटची एक. सगळ्यांचा आकार पहिल्या स्लाइडसारखाच होतो, तेव्हा सुरुवातीलाच उभा निवडा.

मजकुराबद्दल एक अडचण लक्षात घ्या. इन्स्टाग्राम संपूर्ण पोस्टला एकच कॅप्शन देतं, स्लाइडगणिक नाही. म्हणून कामाची वाटणी करायची: काय बदललं ते स्लाइडवरच्या पट्टीत, का बदललं ते खालच्या कॅप्शनमध्ये. पट्टीत दोन ओळींपेक्षा जास्त नको. अक्षरं 45 पिक्सेलच्या खाली नेऊ नका, देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येतात, त्यामुळे बारीक अक्षर फोनवर लगेच चिकटतं. पट्टी फोटोवर चढवू नका, जी सावली दाखवायची आहे तीच झाकली जाते. कॅप्शनमध्ये 2200 अक्षरांची मर्यादा आहे, पाच कारणांना ती भरपूर आहे. प्रत्येक कारणाच्या सुरुवातीला स्लाइडचा क्रमांक घाला आणि दुसऱ्या जोडीचं कारण सगळ्यात आधी लिहा, कारण ‘आणखी’ न दाबता पहिल्या दोनेक ओळीच दिसतात. उदाहरणार्थ: ‘स्लाइड 3: खिडकीकडे पाठ केली की काट्यांची सावली काट्यांमागे लपते. पाट पाव वर्तुळ फिरवला, सावली बाहेर आली.’

‘जादू’, ‘कमाल’, ‘प्रो लूक’ असे शब्द पट्टीवर नकोत. ते बघणारीला कौतुक करायला सांगतात, काय करायचं ते सांगत नाहीत.

शेवटची स्लाइड मांडणीच्या फोटोची ठेवा: खिडकी, पाट, पुठ्ठा, डब्यांची उतरंड आणि फोन, सगळं एकाच चौकटीत, थोडं लांबून, दुसऱ्या कुणाच्या फोनवर काढलेलं. त्यावर अंतरं लिहा: खिडकी ते ताट हातभर, ताट ते पुठ्ठा वीतभर. लोक हीच स्लाइड जपून ठेवतात आणि मैत्रिणींना पाठवतात.

काही घरांत हे जसंच्या तसं जमणार नाही, तेही कॅप्शनमध्ये सांगा. चाळीतली किंवा तळमजल्यावरची खिडकी समोरच्या इमारतीवर उघडत असेल, तर आत येतो तो त्या भिंतीचा उजेड, आणि भिंत गुलाबी असेल तर चकलीही गुलाबी झाक घेते. अशा वेळी घराच्या दाराचा उंबरठा किंवा जिन्यातली खिडकी शोधावी. उत्तरेच्या खिडकीचा नियमही बारा महिने चालत नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्या काळात सकाळ-संध्याकाळ तिथूनही ऊन आत येऊ शकतं, तेव्हा ओढणी हाताशी ठेवावी. आणि दिवाळीत सहाच्या सुमारास अंधारतं. ऑर्डरचा घाणा संध्याकाळी निघत असेल, तर त्यातल्या पाच-सहा चकल्या हवाबंद डब्यात बाजूला काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढा. चकली रात्रभर कुरकुरीत राहते, तळणीचं तेलही निथळतं, आणि ताज्या चकलीवर येणारी तेलाची चकाकी सकाळी बरीच कमी झालेली असते.